‘नमाज टाळून’ की ‘नमाजची वेळ सांभाळून’?

प्रश्न: शाळेच्या जुन्या वर्गाच्या मेळाव्याची तयारी करायला आम्हा पाच-सहा जणांना कोल्हापुरात एकत्र बसायचं आहे. रमजान चालू आहे. एकाचे रोजे आहेत, एक मित्र जैन आहे, एक मैत्रीण संकष्टी धरते. मी गटावर ‘शुक्रवारची नमाज टाळून भेटूया’ असं लिहिलं, तर एकाने लगेच विचारलं, ‘टाळायला कशाला सांगतोस?’ शब्द कुठे चुकला? आणि कुणाला अवघडल्यासारखं न होता दिवस-वेळ कशी सुचवावी?

उत्तर: खरी गडबड ‘टाळून’मधल्या ‘-ऊन’ने केली आहे. ‘जेवून ये’ म्हटलं की जेवणारा आणि येणारा एकच असतो. करून, जाऊन, टाळून अशा रूपांचा कर्ता सहसा पुढच्या मुख्य क्रियापदाचाच असतो. ‘नमाज टाळून भेटूया’ यात भेटणारे आपण, म्हणून टाळणारेही आपणच, आणि त्या ‘आपण’मध्ये तुमचा नमाजी मित्रही आला. त्यात ‘टाळणे’ आपण नकोशा गोष्टींना लावतो: गर्दी टाळतो, प्रश्न टाळतो. कर्तव्याच्या गोष्टीला लावलं की त्यात चुकारपणा ऐकू येतो.

‘नमाजची वेळ टाळून’ असं लिहिलं तर टाळली जाते ती फक्त वेळ, एवढा अर्थ सुधारतो. तरी नकोसेपणाची छटा उरतेच. ‘वगळून’ हा त्याहून स्वच्छ शब्द. तो यादीतून नाव काढण्याचा आहे, म्हणून दिवसांना छान बसतो: ‘शुक्रवार वगळून कोणताही दिवस सांगा.’ पण माझी पसंती ‘सांभाळून’ला. घर सांभाळून नोकरी करणं, सोवळं सांभाळून स्वयंपाक करणं ही आपल्या बोलण्यातलीच रचना आहे. एक गोष्ट जपत दुसरी करायची, हे त्या एका शब्दात येतं. आणि कर्ताही नीट बसतो. ‘नमाजची वेळ सांभाळून बैठक ठेवतो’ यात ठेवणारा मी आणि सांभाळणाराही मीच. काळजी घेण्याची जबाबदारी बोलावणाऱ्याकडे येते आणि मित्राला स्वतःहून काही मागावं लागत नाही.

हाच घोटाळा ‘सोडून’चा होतो, आणि तो जास्त फसवा आहे. ‘सोडून’चा एक अर्थ ‘खेरीज’. पण उपासाच्या संदर्भात ‘सोडणे’ म्हणजे उपास पूर्ण करून जेवणे. ‘उपास सोडून कधीही ये’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येतं: उपासाचा दिवस नसेल तेव्हा ये, किंवा आधी उपास सोड आणि मग ये. ‘उपासाचे दिवस वगळून’ लिहिलं की प्रश्न मिटतो. मात्र ‘मोडणे’ कधीही वापरू नये. लहानपणी मी एका मित्राच्या आईला ‘तुमचा उपास कधी मोडणार?’ असं विचारलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘उपास मोडत नाहीत बाळा, सोडतात.’ उपास वेळ होऊन संपला तर सुटला, मधेच भंगला तर मोडला. रोजालाही मराठीत आपण हेच लावतो: रोजा ठेवतात किंवा धरतात, सूर्य मावळला की सोडतात. म्हणून ‘रोजा सोडल्यावर भेटू’ बरोबर, ‘रोजा मोडल्यावर’ हे दुखावणारं.

आता तुमच्या बैठकीची वेळ. इथे शब्दाइतकंच घड्याळ बघावं लागतं. मार्चच्या मध्यावर कोल्हापुरात सूर्य साधारण पावणेसातला मावळतो. तुमच्या मुस्लीम मित्राचं खाणं त्या क्षणानंतर सुरू होतं. जैन मित्र रात्रिभोजन करत नसेल तर त्याचं खाणं त्या क्षणाच्या आत संपायला हवं. त्यामुळे ‘संध्याकाळी जेवायलाच बसू’ हा आपल्याला सगळ्यात प्रेमाचा वाटणारा प्रस्ताव या दोघांपैकी एकाला नक्की उपाशी ठेवतो. सातची वेळ तर रोजेदाराला फारच अडचणीची: रोजा सोडणं, लगेच मगरिबची नमाज, थोड्या वेळाने ईशा म्हणजे रात्रीची नमाज आणि तिच्यामागून तरावीह, ही रमजानमधली जादा नमाज. संकष्टीवालीचं वेगळंच. तिचा उपास चंद्रोदयाला सुटतो, तो रात्री बराच उशिरा असतो. (एकादशी असती तर पारणं दुसऱ्या दिवशी, द्वादशीला. म्हणजे ‘उपास सुटल्यावर ये’ या एकाच वाक्याने संकष्टीला त्याच रात्रीचं आमंत्रण होतं आणि एकादशीला उद्याचं.)

म्हणून बैठक जेवणापासून वेगळी करा आणि सुरुवातीबरोबर शेवटही लिहा. मी असा निरोप पाठवला असता:

‘सगळ्यांच्या वेळा सांभाळून गुरुवारी दुपारी साडेचारला बसूया, पावणेसहाला नक्की उठू. चहा-फराळ ठेवत नाही, फक्त काम. गुरुवार कुणाला जमत नसेल तर शनिवारी याच वेळी. दोन्हींपैकी कोणता दिवस बरा, एवढंच कळवा.’

पावणेसहाला उठलं की जैन मित्राला घरी जाऊन जेवायला तासभर मिळतो आणि रोजेदार इफ्तारीच्या आधी घरी पोहोचतो. ‘पावणेसहाला उठू’ हे वाक्य सगळ्यात उपयोगी आहे, कारण ते नसेल तर ‘मला जरा लवकर निघायचंय’ हे प्रत्येकाला स्वतः सांगावं लागतं, आणि अवघडलेपण तिथेच येतं. कुणाचा सण कोणता, हे निरोपात कुठेही नाही. ‘तुझ्या रमजानमुळे’, ‘तुझ्या संकष्टीमुळे’ असं लिहिलं की बदललेल्या वेळेचं कारण म्हणून एक माणूस सगळ्यांपुढे उभा राहतो. शिवाय दोन दिवस दिले आहेत. ‘गुरुवार चालेल ना?’ यातला ‘ना’ होकार गृहीत धरतो, मग नकार द्यायला धीर लागतो. ‘कोणता बरा?’ला उत्तर देताना कारण सांगावं लागत नाही. शुक्रवारच हवा असेल तर जुम्म्याची वेळ त्या मित्रालाच विचारा, ती मशिदीप्रमाणे थोडी बदलते. साधारणपणे दुपारी अडीचनंतरची वेळ निर्धास्त असते.

मेळाव्याची तारीख ईदच्या आसपास धरत असाल तर ‘ईदच्या दुसऱ्या दिवशी’ असं लिहू नका. रमजान 29 दिवसांचा की 30 दिवसांचा, हे चंद्र दिसल्यावर आदल्या संध्याकाळी ठरतं आणि कॅलेंडरवर छापलेली ईद एक दिवस सरकू शकते. ‘ईद शुक्रवारी झाली किंवा शनिवारी झाली तरी मेळावा पुढच्या रविवारी’ असं लिहिलं की कुणाला पुन्हा फोनाफोनी करावी लागत नाही. एकादशीचंही तसंच आहे. कधी कधी स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या लागोपाठच्या दिवशी येतात, तेव्हा ‘एकादशी वगळून’ म्हणून भागत नाही, दोन्ही तारखा लिहाव्या लागतात.

रविवार आपण कोल्हापूरकर सहज रिकामा धरतो. पण हा मेळावा पुढे कधी माघात घ्यायचा झाला, तर रविवारी सकाळी गटातलं कुणी जोतिबाच्या खेट्याला चालत डोंगराकडे निघालेलं असेल. तेव्हा ‘रविवारी खेटे सांभाळून, चारनंतर’ असं लिहा.