महिन्याच्या मधेच रुजू झालात? पहिला पगार असा तपासा

आधी एचआरला विचारा, भागाकार कशाने करता: महिन्याच्या दिवसांनी की २६ ने? बहुतेक घोळ इथेच होतो.

समजा, पगार ३०,००० आणि रुजू १७ जूनला. ३० मधून १७ वजा करून १३ दिवस धरू नका. रुजू झालेला दिवसही मोजायचा, म्हणजे १४. ३०,००० ÷ ३० × १४ = १४,०००. यात रविवार आलेच.

२६ ने भागत असतील, तर रविवार वगळून १२ दिवस: १३,८४६. भागाकार २६ ने आणि गुणाकार १४ ने, असं मिश्रण चालत नाही.

नोकरी सोडतानाही हाच हिशोब. कामाचा शेवटचा दिवस धरला आहे ना, तेवढं नक्की बघा. कपातींचं नंतर सांगतो, आधी ग्रॉस जुळवा.