गाडी गेटबाहेर जायच्या आधी

तुझा मेसेज वाचला. बिलावर ४८ खोकी, उतरली ४५, एकाची टेप फाटलेली आणि आत २४ च्या जागी १७ नग. आणि तू विचारतोस की सप्लायरला फोन कसा करू, त्याला वाईट वाटेल का. अरे, वाईट वाटायचं नंतर बघू, आधी सांग ड्रायव्हरच्या कागदावर काय लिहिलंस? नुसती सही केली असशील तर तू ४८ मिळाल्याची सही केलीयेस.

मी हेच केलं होतं. ड्रायव्हर घाई करत होता, म्हटलं उद्या फोनवर सांगू, आणि सप्लायरने माझीच सही मला पाठवली. पैसे गेलेच, वर खोटारडा ठरलो. तेव्हापासून मोजणी संपल्याशिवाय मी सही करत नाही, ड्रायव्हर अर्धा तास ताटकळला तरी चालेल. लोक मला संशयी म्हणतात, म्हणू देत.

तर शेरा मारायचा, ड्रायव्हरच्या प्रतीवर आणि आपल्याही: "४५ खोकी मिळाली, ३ कमी, १ फाटलेलं, आत १७ नग", खाली ड्रायव्हरची सही. तो नाही म्हणाला तर तसंच लिहायचं, गाडी नंबर आणि वेळ टाकायची, आणि गाडी उभी असतानाच सप्लायरला फोन करायचा. फाटलेल्या खोक्याचे फोटो, लेबल दिसेल असे, आणि ते खोकं टाकून देऊ नकोस.

मग बिल्टी बघ. बिल्टीवरच ४५ असतील तर तिकडून लोडच कमी झालं, ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडू नकोस. बिल्टीवर ४८ असतील तर वाटेत काहीतरी झालंय, मग ट्रान्सपोर्टलाही लेखी कळव. पॅकिंग लिस्टही बघ, कधी कधी उरलेली खोकी पुढच्या गाडीत असतात आणि आपण उगाच आरडाओरडा करतो.

मेल छोटा लिही. बिल नंबर, तारीख, बिलात ११५२ नग, मिळाले १०७३, कमी ७९ (तीन खोक्यांचे ७२ आणि फाटलेल्यातले ७), सोबत शेऱ्याची प्रत आणि फोटो. आणि एकच मागणी कर, "काहीतरी करा" असं मोघम नको. माल अजून लागणार असेल तर ७९ नग बदली पाठवा, त्याचं नवीन बिल लावू नका, भाडं तुमचं, आणि कधीपर्यंत ते विचार. गरज संपली असेल तर त्याच बिलाच्या नंबरवर ७९ नगांची क्रेडिट नोट माग. ती हातात यायच्या आधी पेमेंटमधून मनाने कापू नकोस, नाहीतर वर्षअखेरीस दोघांची खाती जुळत नाहीत आणि मग बोलणी तुलाच खावी लागतात. स्टॉकमध्येही १०७३ च चढव.

शेरा राहून गेला असेल तरी आजच मेल टाक, उशीर झाला की ते म्हणणार तुमच्याच गोडाऊनमधून गेलं. अशा वेळी फोन मेलनंतर कर. आणि बिल्टीवर किती खोकी आहेत ते मला आधी कळव.