सबसाँगला ‘बोबडं गाणं’ म्हणायचं का?

प्रश्न: पक्ष्यांवरचा एक लेख मराठीत करतेय. पिल्लं मोठ्यांचं ऐकून गाणं शिकताना सुरुवातीला जे काही गातात त्याला ‘सबसाँग’ म्हणतात. त्यासाठी ‘बोबडं गाणं’ चालेल का?

सबसाँगला नाही चालणार, पण त्याच्या पुढच्या पायरीला एकदम फिट बसतं, म्हणून तो शब्द टाकून देऊ नका.

बोबडं म्हणजे काय, तर शब्द ओळखू येतो पण उच्चार घसरतो. पोरगं ‘पोयी दे’ म्हणतं तेव्हा आईला कळतं की पोळी पाहिजे. त्याच्या आधी सहा-सात महिन्यांचं बाळ नुसतं बाबाबा-दादादा करतं, त्यात शब्दच नसतो ना. सबसाँग म्हणजे हे दुसरं.

आमच्या घरी नागपुरात झेब्रा फिंचची जोडी होती, त्यांच्या एका नर पिल्लाचं मी रोज बघायचो (यांच्यात गातात फक्त नर). महिनाभराचं झाल्यावर ते दांडीवर एकटंच बसायचं, गळा फुगवून इतक्या हळू आवाजात काहीतरी पुटपुटायचं की पंखा बंद केल्याशिवाय ऐकू यायचं नाही, आणि बापाच्या गाण्याशी त्याचा काही संबंधच नाही. बायको म्हणे, हा स्वतःशीच काय बोलून राहिला? दोन महिन्यांच्या आसपास मात्र बापाचे तुकडे ओळखू यायला लागले, पण एखादा गाळलेला, एखादा उलटसुलट, म्हणजे अस्सल बोबडं. तीन महिन्यांचं होईस्तोवर तेच एखाद सेकंदाचं गाणं, दर वेळी त्याच क्रमानं. याला इंग्रजीत ‘क्रिस्टलाइज’ झालं म्हणतात, आपल्याकडे ‘गाणं बसलं’ हा तयार शब्द आहे, तोच वापरा, ‘स्फटिकीभवन’ वगैरे नको बाप्पा.

म्हणून माझं मत: सबसाँग म्हणजे ‘बाळबडबड’, कारण नुसतं बडबड म्हटलं की आमचे शेजारी आठवतात. त्यानंतरचं बोबडं गाणं आणि शेवटी बसलेलं गाणं.

ही बाळाची तुलना नवीन नाही बरं का, इंग्रज निसर्गअभ्यासक डेन्स बॅरिंग्टननं 1773 मध्येच पिल्लाच्या पहिल्या प्रयत्नाला तान्ह्या पोराच्या बडबडीची उपमा दिली होती.

लेखात एक गोष्ट नक्की घाला. झेब्रा फिंचचं पिल्लू पहिल्या दोन महिन्यांत बापाचं किंवा दुसऱ्या एखाद्या नराचं ऐकून ते डोक्यात साठवतं, आणि मग स्वतःचा आवाज ऐकत ऐकत त्या साठवणीशी जुळवत जातं. अंडी बेंगालीज फिंच या दुसऱ्या जातीच्या जोडीखाली उबवली तर पिल्लू त्या पाळणाऱ्या बापाचं गाणं उचलतं. गुरूच मिळाला नाही तर ते गातं, पण सूर विचित्र लांबलेले. आणि सराव सुरू व्हायच्या आधीच बहिरं झालं तर गुरूचं आधी ऐकलेलंही कामी येत नाही, कारण स्वतःची चूक त्याला ऐकूच येत नाही. पक्ष्यांच्या गाण्यावर संशोधन करणाऱ्या कोनिशींनी 1965 मध्ये हे व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या पक्ष्यात दाखवलं होतं. म्हणून बाळबडबडीला ‘निरर्थक आवाज’ तेवढं लिहू नका.