१२७०६ पेल्टियरला करंट नक्की किती द्यायचा?

"TEC1-12706 ला १२ व्होल्ट दिले की पहिली पाच मिनिटं मस्त गार होतंय, मग परत गरम होत जातंय. मागे छोटा हीटसिंक आहे, पंखा नाही. पीस खराब आहे का? करंट किती द्यायचा?"

पेल्टियर म्हणजे करंट दिला की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारा पातळ चौकोनी पीस. तुमचा पीस खराब नाही, हीटसिंक कमी पडतोय आणि करंट जास्त होतोय. वडिलांच्या इन्सुलिनसाठी थर्माकोलचा डबा करताना माझंही हेच झालं होतं, आमच्याकडं खानापूर भागात पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल ते देवालाच ठाऊक, म्हणून बॅटरीवर चालणारं काहीतरी पाहिजे होतं. मीही बॅटरीच्या वायरी सरळ पेल्टियरला जोडल्या आणि वर दुकानदाराशी भांडून आलो, त्याची काही चूक नव्हती.

सगळा हिशोब एका ओळीत बसतो:

```
Qc = S·I·Tc − ½·I²·R − K·(Th − Tc)
```

Qc म्हणजे थंड बाजूनं दर सेकंदाला ओढलेली उष्णता. पहिला भाग ही खरी कमाई, करंट वाढेल तशी सरळ वाढते. दुसरा म्हणजे करंटमुळं पीसच्या आतच तयार होणारी जूल हीट, ती आतल्या दाण्यांत सगळीकडं सारखी तयार होते आणि दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी जाते, म्हणून अर्धा. ही वाढते करंटच्या वर्गानं. तिसरा भाग गरम बाजूकडून थंड बाजूकडं परत झिरपणारी उष्णता, शेवटी दोन्ही बाजूंमध्ये अंतर तीन-चार मिलिमीटरचंच की. I म्हणजे करंट, Tc थंड बाजूचं तापमान आणि Th गरम बाजूचं. Tc, Th केल्व्हिनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून घ्यायचे हे विसरू नका.

S म्हणजे दोन बाजूंतल्या दर डिग्री फरकाला पीस स्वतः तयार करतो ते व्होल्टेज, R पीसचा रोध आणि K दर डिग्रीला परत झिरपणारी उष्णता. १२७०६ साठी S ०.०५ व्होल्ट दर डिग्रीला, R २ ओहम आणि K दर डिग्रीला ०.५ वॅट धरा. तापमानाप्रमाणं हे थोडे हलतात, पण कागदावरच्या हिशोबाला पुरे.

आता तुमचं काय होतंय बघा. चालू केल्या केल्या दोन्ही बाजू ३२ डिग्रीला, फरक शून्य, म्हणून झिरपणंही शून्य. करंट ६ अँपिअर. कमाई ९१ वॅट, त्यातनं जूलचे ३६ गेले, हातात ५५ वॅट, म्हणून बोट लावलं की गारेगार. पण मागचा हीटसिंक तापत जातोय. बिनपंख्याचा छोटा सिंक साधारण दर वॅटला एक डिग्री तापतो असं धरलं आणि थंड प्लेट ५ डिग्रीला ठेवायची म्हटलं, तर गरम बाजू ८२ च्या आसपास जाऊन बसते. फरक वाढला की पीस उलटं व्होल्टेज तयार करतो, म्हणून करंट आपोआप ४ वर उतरतो (मीटर लावून बघा, उतरलेला दिसेल), परत झिरपणं ३८ वॅट, जूल १६-१७, आणि शिल्लक राहते जेमतेम दीड वॅट. डब्यात त्याहून जास्त उष्णता बाहेरून शिरतेय, मग प्लेट तापत जाणारच.

गंमत म्हणजे त्याच सिंकवर करंट ३ अँपिअरला धरला तर तेवढ्याच ५ डिग्रीला जवळजवळ ४ वॅट ओढले जातात. कमी करंट, जास्त गारवा. पहिल्यांदा हे माझंही डोकं मान्य करत नव्हतं.

आधी डब्याला किती लागतंय ते काढा. माझा डबा फूटभराचा चौकोनी, थर्माकोल ३ सेंटिमीटर, आत ८ डिग्री आणि बाहेर ३२ असताना साधारण ११ वॅट शिरतात, आतला छोटा पंखा धरून १२. प्लेट ५ ला ठेवायची. मागे जुन्या कॉम्प्युटरचा पंख्यासकट सीपीयू कूलर लावला, तो दर वॅटला ०.३ डिग्री तापतो असं धरलं.

३ अँपिअरला: कमाई ४१.७, जूल ९, गरम बाजू ४३ डिग्रीला म्हणून झिरपणं १९, शिल्लक १३.७ वॅट. बॅटरीकडून २४ वॅट. ४ अँपिअरला शिल्लक १७.४ आणि खर्च ४१. ५ ला शिल्लक १८.८ आणि खर्च ६३! म्हणजे ४ वरून ५ वर गेलो तर बॅटरीतनं २२ वॅट जादा ओढून गारवा जेमतेम दीड वॅटनं वाढला. ६ ला तर शिल्लक परत पावणेअठरावर येते. पुस्तकात सूत्र असतंय की सगळ्यात जास्त गारवा I = S·Tc/R ला, ते इथं जवळपास ७ अँपिअर येतं, पण ते गरम बाजू जागच्या जागी राहिली असं धरून काढलेलं असतं. खऱ्या सिंकला ते लागू होत नाही, जास्तीत जास्त गारवा ५ च्या आसपासच संपतो. मला १२ वॅट पाहिजेत, ३ अँपिअरला १३.७ मिळतात आणि या चारांत दर वॅटला सगळ्यात कमी वीजही तिथंच लागते, म्हणून ३ ठरवला. पीसवर तेव्हा साधारण ८ व्होल्ट दिसतात.

करंट कमी करायला पीडब्ल्यूएम वापरू नका. ६ अँपिअर निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद, तर सरासरी ३ होते आणि कमाईही ३ चीच मिळते, पण जूल हीट वर्गानं जाते ना, ती ९ च्या जागी १८ होते, झाली की माती. करंट सेट करता येणारा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं सर्किट घ्या.

थर्मोस्टॅटनं चालू-बंद करणं पण वाईटच. बंद पेल्टियर म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक, दर डिग्रीला अर्धा वॅट आत सोडतो, माझा अख्खा डबा मिळून तेवढं सोडतो! त्यापेक्षा करंट कमी-जास्त करा. आणि आत औषध ठेवणार असाल तर बाटली प्लेटला टेकू देऊ नका, गोठलं तर इन्सुलिन वाया.

एवढं करूनही माझी प्लेट आधी ११ डिग्रीला अडकली होती, सिंक ४३ वर. फरक ३२ चा. वायर काढली आणि लगेच, अगदी दोन-तीन सेकंदात, पीसच्या टोकांना मल्टिमीटर लावला तर २.३ व्होल्ट. करंट नसताना दिसतो तो नुसता S गुणिले फरक, म्हणजे पीसच्या खऱ्या दोन बाजूंमध्ये ४६ डिग्री होते. मधले १४ डिग्री कुठं गेले? उघडून बघतो तर एका कोपऱ्यात थर्मल पेस्टच लागली नव्हती, स्क्रू एकाच बाजूचा जास्त आवळला होता. पेस्ट पातळ पसरली, स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळले, आणि त्याच ३ अँपिअरला प्लेट ५ वर आली.