अडीच तासांची मुलाखत आणि नऊ फोटो

माझ्या ८६ वर्षांच्या आत्याची पानशेतच्या पुराबद्दल मुलाखत घेतली. रेकॉर्डिंग अडीच तासांचे झाले आहे. घरातले अल्बम पुरातच वाहून गेल्यामुळे हाती फक्त नऊ फोटो आहेत. एवढ्यांवर वीस मिनिटांची फिल्म कशी भरायची?
– एक वाचक, पुणे

भरू नका. पडद्यावर एक फोटो साधारण सात-आठ सेकंद टिकतो, त्यामुळे नऊ फोटो, त्यांतले काही दोनदा आले तरी, मिळून दोन मिनिटांच्या आसपास जातील. उरलेली अठरा मिनिटे आत्याबाईंच्या चेहऱ्याची आहेत आणि ती तशीच असू द्यावीत. मात्र ही दोन मिनिटे कुठे खर्च करायची, याचा निर्णय संगणकावर बसण्यापूर्वी कागदावर व्हायला हवा.

आधी सगळे रेकॉर्डिंग शब्दशः उतरवून काढा आणि दर मिनिटाला समासात वेळ लिहा. हे काम कंटाळवाणे आहे, अडीच तासांच्या मुलाखतीला आठवडाभराच्या संध्याकाळी सहज लागतात. पण ते टाळणारे लोक पुढे महिनाभर तेच ते तुकडे ऐकत बसतात. मग एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात आत्या काय सांगतात, दुसऱ्यात फोटोत काय दिसते, आणि तिसऱ्यात तो फोटो केव्हा, कुठे काढलेला आहे. बहुतेक जण पहिल्या दोन रकान्यांवरच फिल्म जोडतात. चूक तिसऱ्यात असते.

समजा, आत्या सांगत आहेत, “पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं, तेव्हा अण्णांनी देव्हाऱ्यातले देव पदरात घालायला लावले मला.” तुमच्याकडे अण्णांचा १९५८ चा स्टुडिओतला फोटो आहे: कोट, टोपी, शेजारी कुंडी, मागे रंगवलेला पडदा. ‘अण्णांनी’ हा शब्द आला की तो फोटो टाकावा, असा हात शिवशिवतो. तसे केलेत, तर पुराच्या पाण्यात कोट घालून निवांत बसलेले अण्णा दिसतात आणि नेमक्या त्याच क्षणी आत्यांचा आवाज अडखळलेला असतो तो चेहरा मात्र झाकला जातो. फोटो हा पाहणाऱ्याला नेहमी पुरावा वाटतो. ज्या प्रसंगाला तो हजर नव्हता, त्या प्रसंगाची साक्ष त्याच्याकडून काढू नये.

हाच फोटो पाच मिनिटे आधी आणा. मुलाखतीत कुठेतरी आत्यांनी अण्णांच्या शिस्तीबद्दल, त्यांच्या नोकरीबद्दल, त्यांना घाबरण्याबद्दल काही सांगितलेले असतेच. तिथे तो निवांत आठ सेकंद दिसू द्या. प्रेक्षकाला अण्णांचा चेहरा एकदा ठाऊक झाला, की पुढे पुराच्या प्रसंगात तो स्वतःच त्यांना त्या जिन्यावर उभे करतो, फोटोची गरज लागत नाही. आणि आत्या चिखलातून काय काय मिळाले हे सांगू लागतील, तेव्हा तोच फोटो पुन्हा दाखवा. या वेळी चेहऱ्याजवळ न जाता खालच्या कडेला उमटलेल्या पाण्याच्या तपकिरी डागाजवळ जा. पहिल्या वेळी तो माणसाचा फोटो होता, दुसऱ्या वेळी तो पुरातून वाचलेली एक वस्तू आहे, आणि हे सांगायला निवेदनाचे एक वाक्यही लागत नाही.

फोटो शब्दावर आदळू नये. नाव उच्चारले गेल्यावर सेकंद-दीड सेकंदाने तो यावा आणि वाक्य संपण्याआधी आपण पुन्हा चेहऱ्यावर परतलेले असावे, म्हणजे वाक्यानंतरची शांतता माणसाच्या वाट्याला येते. फोटो हलवायचाच असेल, तर आठ सेकंदांत १०० टक्क्यांवरून १०५-१०६ टक्क्यांपर्यंत वाढवणे पुरे. त्याहून जास्त हलले की पाहणाऱ्याचे लक्ष फोटोऐवजी हालचालीकडे जाते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. फोटोच्या आड दोन वाक्ये जोडता येतात, कारण तोंड दिसत नसते. खोकला, ‘म्हणजे’, ‘काय बरं ते’ काढायला हरकत नाही. पण एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रसंगाला चिकटवू नका. तयार झालेला तुकडा एकदा फोटो बाजूला करून, उघड्या चेहऱ्याने पाहा. तो सांधा आत्यांना दाखवायला संकोच वाटला, तर तो चुकीचा आहे.

आजोबांचे जुने फोटो अगदी लहान आहेत. दुकानातून स्कॅन करून आणले, पण फिल्ममध्ये चेहऱ्याजवळ गेले की फुटतात.
– एक वाचक, कोल्हापूर

दुकानात बहुधा ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, स्कॅन झाले असावे. कागदपत्रांना तेवढे चालते, फोटोंना नाही. जुन्या बॉक्स कॅमेऱ्याच्या निगेटिव्हवरून थेट त्याच आकारात छापलेला फोटो साधारण सहा बाय नऊ सेंटिमीटरचा, म्हणजे लांबीला साडेतीन इंच असतो. ३०० डीपीआयला त्याचे सुमारे १,०५० पिक्सेल होतात, आणि फुल एचडी फिल्मची चौकट आहे १,९२० पिक्सेल रुंदीची. म्हणजे जवळ जाण्यापूर्वीच चित्र जवळजवळ दुप्पट ताणले गेले आहे. १,२०० डीपीआयवर त्याच फोटोचे ४,२०० पिक्सेल मिळतात आणि दुपटीपर्यंत जवळ जाण्याची मुभा मिळते. असे छोटे थेट छापलेले फोटो अतिशय रेखीव असतात, आजोबांच्या सदऱ्याची बटणेही मोजता येतात, तेव्हा ही मेहनत वाया जात नाही. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला मात्र ६०० पुरेसे होतात.

ज्या फोटोच्या कागदाला रेशमी पोत आहे, त्याला स्कॅनर मानवत नाही. स्कॅनरचा प्रकाश एकाच अंगाने येत असल्यामुळे पोताची जाळी चेहऱ्यावर उमटते. असा फोटो टेबलावर सपाट ठेवून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांच्या कोनात दोन सारखे दिवे लावून, कॅमेरा बरोबर वर धरून टिपा. जाळी बरीच मावळते. कडांना निळसर, आरशासारखी चकाकी आली असेल, तर ती फोटोतल्या चांदीमुळे आहे. बोटाने किंवा कापडाने पुसायला जाऊ नका.

काळ्या पानावर खळीने चिकटलेला फोटो ओढून काढू नका, सबंध पानच टिपा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही काचेसकट राहू द्या. आणि प्रत्येक फोटोची पाठ जरूर स्कॅन करा: स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, ‘चि. बाळास’ एवढाच मजकूर, हे सगळे वरच्या उत्तरातल्या तिसऱ्या रकान्यात जाते.

आजीसमोर अल्बम ठेवला, तर ती फक्त नावे सांगत गेली. ‘ही माई, हा बंडू, हा माईचा दीर.’ गोष्ट एकही निघाली नाही. पुन्हा बसायचे आहे, काय वेगळे करू?
– एक वाचक, ठाणे

पहिल्या बैठकीला अल्बम कपाटातच ठेवा. फोटो समोर असला की माणूस फोटोला उत्तर देतो, आणि फोटोचा प्रश्न एकच असतो: हा कोण? आजींना आधी नुसते बोलू द्या. ‘बालपण कसे होते?’ असे विचारू नका. ‘सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं असायचं?’ असे विचारा. त्या गप्प झाल्या की मनात पाच आकडे मोजा, लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पुष्कळदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर सुरू होते. तासाभराने थांबा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बैठकीतल्या गोष्टींशी नाते असलेले सात-आठच फोटो न्या आणि एका वेळी एकच हातात द्या. आता ‘हा कोण’ न विचारता ‘हा काढला तेव्हा समोर कोण उभं होतं?’ असे विचारा. चौकटीबाहेरचे माणूस विचारले की नावांची यादी तुटते. कॅमेरा या वेळी चेहऱ्याइतकाच हातांवर ठेवा. फोटोवर फिरणारे आजींचे बोट ज्या क्रमाने थांबते, तोच क्रम नंतर तुम्हाला फोटोवरून कॅमेरा फिरवताना लागणार आहे.

कॉलरला लावायचा माइक असेल, तर तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर, उजव्या बाजूला लावा. पदर डाव्या खांद्यावर असतो आणि त्याची सळसळ आवाज खाऊन टाकते. काचेच्या बांगड्या मागे सारता येत असतील, तर तशी विनंती करा. पंखा आणि फ्रिज बंद ठेवा, फ्रिज पुन्हा लावायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली त्यात ठेवा. (हा उपाय मी लोणी वितळल्यावर शिकलो.) उठण्यापूर्वी कोणीही न बोलता अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा, जिथे तुम्ही वाक्य कापाल, तिथे मागे हाच आवाज पसरायचा आहे, नाहीतर कान एकदम बधिर झाल्यासारखे वाटते.

आमच्या मावशी सांगतात की पानशेतचे पाणी पहाटे अंधारात घरात शिरले. धरण तर सकाळी फुटले होते. तो भाग काढून टाकावा का?
– एक वाचक, पुणे

काढू नका, आणि गुपचूप दुरुस्तही करू नका. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण सकाळी फुटले आणि त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचेही धरण फुटले, तेव्हा पुण्यातल्या घरात पहाटे पाणी शिरणे शक्य नाही. पण मावशींना अंधार आठवतो, त्याला काही कारण असेल. पुन्हा भेटून ‘खोटं आहे’ असे न म्हणता ‘दिवा लावला होता का? घरात कोण झोपलं होतं?’ असे विचारा. पावसाळी आभाळ असेल, खिडक्या नसलेली मधली खोली असेल, किंवा पुरानंतरच्या एखाद्या बिनविजेच्या रात्रीची आठवण पुराच्या दिवसाला येऊन मिळाली असेल. उत्तर मिळाले, तर ते फिल्ममध्ये घ्या. नाहीच मिळाले, तर त्यांचे वाक्य तसेच ठेवून पडद्याच्या तळाशी ‘पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले’ एवढी एक ओळ चार-पाच सेकंद द्या. त्या वाक्यावर फोटो मात्र कोणताही नको.

घरचे फोटो कमी पडतात, म्हणून इंटरनेटवरचे जुन्या पुराचे फोटो वापरले तर चालतील का?
– एक वाचक, नागपूर

तीन अटींवर. फोटो त्याच पुराचा आहे याची खात्री हवी. जुने कृष्णधवल पूर एकमेकांसारखे दिसतात आणि एकाच फोटोखाली निरनिराळी गावे लिहिलेली सापडतात. परवानगी हवी, २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतात छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो, तेव्हा ‘जुना आहे’ म्हणजे मोकळा आहे असे धरू नका. आणि तो तुमच्या घरचा नाही, हे पडद्यावर दिसायला हवे. घरचे फोटो पांढऱ्या कडेसकट, कागदाची वस्तू म्हणून दाखवा आणि बाहेरचे चौकट भरून, कोपऱ्यात ठिकाण व साल लिहून; दोन-तीन फोटोंनंतर प्रेक्षकाला हा फरक न सांगता कळू लागतो.