पीककर्जाचं व्याज सात टक्के की चार टक्के?

«मॅडम, उसासाठी बँकेतून एक लाखाचं पीककर्ज काढलंय. वेळेत भरलं की चार टक्केच पडेल, असं कर्ज घेताना साहेब म्हणाले होते. पासबुकात मात्र सात टक्क्यांनी व्याज लावलंय. आमचे पाव्हणे कागलचे, त्यांना तर शून्य टक्के आहे म्हणतात. आम्हाला फसवलंय का?»
– निपाणी तालुक्यातील एक शेतकरी

फसवलेलं नाही. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते एकाच दिवशी दिसत नाहीत. किसान क्रेडिट कार्डावरच्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला बँक सात टक्केच व्याज लावते. ठरलेल्या तारखेच्या आत सगळी बाकी भरली, की केंद्र सरकार त्यातले तीन टक्के परत देतं. बँक आधी व्याज लावते, मग वेळेत भरणाऱ्यांचा दावा वर पाठवते आणि ती रक्कम नंतर तुमच्या खात्यात जमा होते. त्यामुळे भरायच्या दिवशी पासबुकात चार टक्के शोधले तर सापडणार नाहीत.

वेदगंगेकाठच्या एका गावातले काका गेल्या वर्षी हाच प्रश्न घेऊन आले होते. त्यांची परवानगी घेऊन त्यांचा हिशेब इथे मांडते, कारण त्यांची अडचण तुमच्यासारखीच होती.

त्यांनी सुरू उसाच्या लागणीसाठी फेब्रुवारीच्या सुरुवातीला साठ हजार उचलले आणि मे महिन्यात खत-भरणीला चाळीस हजार. बँकेने भरायची तारीख पुढच्या वर्षीच्या ४ फेब्रुवारीची दिली होती. व्याज जितके दिवस पैसा वापरला तितक्याच दिवसांचं लागतं. म्हणून साठ हजारांवर वर्षाचे ४,२०० रुपये आणि चाळीस हजारांवर नऊ महिन्यांचे २,१०० रुपये, मिळून ६,३०० रुपये व्याज झालं. परत मिळणारे तीन टक्केही याच पद्धतीने मोजायचे: १,८०० आणि ९००, म्हणजे २,७०० रुपये. त्यांना खरं पडलेलं व्याज ३,६०० रुपये, आणि तोच चार टक्क्यांचा दर.

काकांनी मनात एक लाख तीन हजार सहाशे धरले होते आणि तेवढेच जमवत होते. इथेच पुष्कळ जणांचं चुकतं. सवलत आधी कापून घेता येत नाही. तारखेच्या दिवशी बँकेत १,०६,३०० रुपयेच भरावे लागतात. दोन हजार सातशे कमी पडले, तर थोडी सवलत कमी होते असं नाही. सगळी बाकी वेळेत न गेल्यामुळे सगळीच सवलत जाते. तारीख उलटली की त्या पुढच्या दिवसांना सात टक्क्यांचा सवलतीचा दरही राहत नाही, बँकेचा नेहमीचा दर लागतो. म्हणून भरायला जाण्याच्या दोन दिवस आधी शाखेत विचारून त्या दिवशीचा पैशापैशाचा आकडा कागदावर लिहून घ्या.

काकांची दुसरी अडचण मोठी होती. तोडीची टोळी जानेवारीच्या शेवटी आली. ऊस तुटल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावं असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, पण बिल फेब्रुवारीअखेर येईल अशी चिन्हं होती. तारीख मात्र चारची. एका सावकाराने महिना तीन टक्क्यांनी पूर्ण रक्कम देऊ केली होती. गावात याला नवं-जुनं करणं म्हणतात: उसने आणून भरायचे, नवीन उचल मिळाली की फेडायचे.

आम्ही बसून आकडे मांडले. १,०६,३०० रुपयांवर महिन्याचे तीन टक्के म्हणजे ३,१८९ रुपये. वाचणार होते २,७०० आणि उशिराच्या काही दिवसांचं व्याज. म्हणजे सावकाराचा महिना पूर्ण धरला तर सवलत वाचवण्यासाठी जवळजवळ तितकाच पैसा त्याच्याकडे जाणार. शिवाय बँकेने नवीन उचल द्यायला उशीर केला, तर दुसरा महिनाही चढणार. हा सौदा करू नका, असं मी स्पष्ट सांगितलं.

मग घरातला पैसा पाहिला. सोयाबीनचे पंचेचाळीस हजार कपाटात होते. दुधाच्या बिलातून आणि किरकोळ शिल्लकीतून अकरा हजार तीनशे जमले. मेहुण्यांनी महिन्याच्या बोलीवर वीस हजार बिनव्याजी दिले. उरले तीस हजार. ते काकूंच्या बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून महिना दोन टक्क्यांनी मिळाले, म्हणजे महिन्याला सहाशे रुपये. सहाशे देऊन सत्तावीसशे राखणं परवडणारं होतं, कारण उसाचं बिल येणार हे नक्की होतं आणि रक्कम लहान होती. तारखेला पूर्ण भरणा झाला, बिल आल्यावर गटाचे आणि मेहुण्यांचे पैसे फिटले. सवलतीचे २,७०० मे महिन्यात खात्यावर दिसले.

सोयाबीनचे पंचेचाळीस हजार नोव्हेंबरपासून घरात का पडून होते, हेही मी विचारलं. सगळे एकदम भरायचे म्हणून, असं काका म्हणाले. ते त्याच वेळी कार्डाच्या खात्यात भरले असते, तर तेवढ्यावरचं व्याज त्या दिवसापासून थांबलं असतं, आणि मर्यादेत असल्याने गरज पडली तर पुन्हा उचलताही आले असते. तुमच्याकडे असा पैसा असेल तर आजच भरा.

सवलत आपोआप येईलच असं धरून बसू नका. भरणा झाल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पासबुक छापून घ्या आणि जमा बाजूला व्याज सवलतीची नोंद शोधा. नसेल तर शाखेत दोनच प्रश्न विचारा: माझं खातं दाव्यात पाठवलंय का, आणि माझा आधार कर्जखात्याला जोडलेला आहे का? आधार न जोडल्याने अडलेल्या सवलती मी पाहिल्या आहेत. कागद कन्नडमध्ये असला आणि वाचता येत नसेल, तर अंगठा किंवा सही करण्याआधी कुणाकडून तरी तारीख आणि रक्कम वाचून घ्या. शाखेत विचारलं तरी सांगतात.

कागलच्या पाव्हण्यांबद्दल. महाराष्ट्रात पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून तिथलं राज्य सरकार वरचं उरलेलं व्याज भरतं, म्हणून त्यांना वेळेत भरल्यास तीन लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं. ती योजना सीमेपलीकडची आहे, निपाणीतल्या जमिनीला लागू होत नाही. कर्नाटकातही बिनव्याजी पीककर्ज आहे, पण ते सहकारी पतसंस्थांमधून, म्हणजे आपल्या गावच्या सोसायटीतून मिळतं, आणि तिथेही वेळेत भरण्याची अट आहेच. तुम्ही सोसायटीचे सभासद असाल तर पुढच्या हंगामाला तिथे चौकशी जरूर करा. मात्र चालू कर्ज बँकेचं आहे, त्याला चार टक्केच लक्षात ठेवा.

एक मर्यादा तुम्ही आधीच ओळखून ठेवलेली बरी. तीन टक्क्यांची सवलत उचल केल्यापासून जास्तीत जास्त एका वर्षाची असते. सुरू ऊस वर्षभरात तुटतो, म्हणून कसंबसं जमतं. आडसाली ऊस मात्र जूनच्या आसपास लावला तर दुसऱ्या वर्षीच्या गाळपातच जातो, म्हणजे वर्ष संपतं तेव्हा ऊस अजून रानातच उभा असतो. तुमचा आडसाली असेल, तर तारखेचा पैसा सोयाबीन, दूध किंवा भाजीपाल्यातून उभा करावा लागेल, आणि त्याची बेगमी लागणीच्याच वेळी करायला हवी.