‘की’ आधी की नंतर?

प्रश्न: ‘दादरची जलद लोकल रद्द झाली की काका म्हणाले’ हे वाक्य बरोबर आहे का?

नाही, इथे क्रम उलटा झालाय. ‘म्हणाले’ आधी यायला हवं आणि काकांचं बोलणं ‘की’च्या नंतर: ‘काका म्हणाले की दादरची जलद लोकल रद्द झाली.’ व्याकरणात या ‘की’ला स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतात. आधी मुख्य वाक्य येतं आणि काय म्हटलं, कळलं किंवा वाटलं, ते ‘की’च्या पुढे उलगडतं. बोलणं आधीच ठेवायचं असेल तर ‘की’ काढून ‘असं’ घाला: ‘लोकल रद्द झाली असं काका म्हणाले.’ मुंबईत बोलताना ही रचना तर सर्रास कानावर पडते आणि ती पूर्ण शुद्ध आहे. इथे ‘म्हणून’ही चालतं, पण त्याचा ‘त्या कारणाने’ असाही अर्थ निघतो, म्हणून मी ‘असं’च वापरेन.

मात्र ‘रद्द झाली की’ हा क्रम दरवेळी चूक नसतो. ‘लोकल रद्द झाली की काका बसने जातात’ हे वाक्य बरोबर आहे, कारण त्यातला ‘की’ वेळ सांगतो, कुणाचं बोलणं नाही. तुमचं वाक्य वाचताना अडखळायला होतं ते याचमुळे: ‘झाली की’ म्हटल्यावर पुढे काय घडतं याची वाट पाहिली जाते.